लाही नागपूरची, उकाडा दादरचा

वाचकाची प्रतिक्रिया : «दादरच्या दुपारीवरचा लेख वाचला. पहिल्या परिच्छेदात रणरणतं ऊन, दुसऱ्यात अंगाची लाही लाही, तिसऱ्यात उकाडा, चौथ्यात कोंदट हवा. एकाच दुपारी एवढं सगळं? शब्दकोश उघडून लिहिल्यासारखं वाटतं. आम्ही नागपूरचे. मे महिन्यात मुंबईत चौतीस डिग्री असताना लाही लाही झाली म्हणता, याचं हसू येतं.»

नमस्कार,

लाहीचं तुमचं म्हणणं मान्य. लेखातून ती काढली आहे, पण चौतीस हा आकडा लहान आहे म्हणून नव्हे. लाही होते ती तापलेल्या कोरड्या वाळूत. पाणी निथळणाऱ्या दाण्याची लाही होत नाही, आणि दादरला मे महिन्यात माणूस सकाळी नऊपासून भिजलेला असतो.

उन्हाळ्याचे आपले बरेचसे शब्द स्वयंपाकघरातून आलेत. ऊन भाजतं, फरशी पोळते, आणि मुंबईत उकडतं. उकडायला पाणी लागतं. बटाटे असोत की मोदक. ते पाणी इथे हवेतच आहे. नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम बाष्प असतं. दादरला ३४ अंश आणि ६५ टक्के असली, तर तेच २४ ग्रॅमच्या आसपास जातं. घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळला तरच अंग निवतं. तुमच्याकडचा घाम दिसायच्या आत उडून जातो, म्हणून तिथे ओठ फुटतात आणि पाणी कमी पडल्याचं उशिरा कळतं. आमचा घाम पाठीवरून ओघळतो, शर्टाला चिकटतो आणि तिथेच बसून राहतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी, तुमच्याकडे करतात तसं, वाळ्याचा कूलर आणला. दुकानदार म्हणाला, «साहेब, खोली फ्रीज होईल.» पहिली दहा मिनिटं वाळ्याचा वास आला, बरं वाटलं. तासाभरात उशीचा अभ्रा ओलसर लागायला लागला, कॅलेंडरचा कागद वाकला, आणि मी आत पाणी भरायचं सोडून नुसता पंखा म्हणून तो चालवायला लागलो. कूलर बिघडलेला नव्हता. पाणी उडालं तर हवा गार होणार, आणि इथल्या हवेत त्यासाठी जागा फारशी उरलेलीच नसते. माठाचंही तेच. नागपूरच्या माठातल्या पाण्याने दात शिवशिवतात. आमच्या माठातलं पाणी नळापेक्षा जरा बरं, इतकंच.

व्याकरणसुद्धा बघा. ऊन रणरणतं, तिथे कर्ता आहे आणि तो डोक्यावर दिसतो. «मला उकडतंय» म्हणताना कर्ताच नाही. कोण उकडतंय ते सांगता येत नाही. म्हणून उकाड्याला सूर्य लागत नाही. रात्री दोन वाजताही उकडतं. रात्री दोन वाजता रणरणून दाखवा बरं.

रणरणत्याबद्दल मात्र थोडी हुज्जत घालतो. मुंबईला तो शब्द वर्ज्य नाही, फक्त त्याचा महिना वेगळा आहे. मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्येही, पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा येतो आणि समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतो. तेवढ्या वेळात पारा ३८-४० वर जातो, घाम भराभर वाळतो, डोळे चुरचुरतात. सांताक्रूझला ४२.२ अंशांची नोंद आहे, ती १४ एप्रिल १९५२ ची; मे महिन्यातली नव्हे. हवामान खातंही किनाऱ्यावर उष्णतेची लाट ठरवताना ३७ अंशांपासून विचार करतं (सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर), मैदानी भागात मात्र ४० पासून. मे महिन्यात खारा वारा लवकर सुटतो, पारा ३३-३४ वर थांबतो आणि बाष्प वाढतं. म्हणजे माझी चूक गावाची नव्हती, महिन्याची होती. ती दुपार मे महिन्यातली असल्याने रणरणतं ऊनही गेलं. त्या जागी आता एवढंच आहे : «पुलावर वारा होता, पण तोही ओला.»

कोंदट मात्र काढणार नाही. तो शब्द दादरच्या हवेसाठी नव्हता, आमच्या जिन्यासाठी होता. कोंदट व्हायला चार भिंती लागतात. उघड्या रस्त्यावर दमट असतं, मळभ आलं की कुंद होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जी एकच खिडकी आहे, तिच्यासमोर कुणीतरी जुनं गोदरेजचं कपाट उभं करून ठेवलंय. सोसायटीच्या तीन सभा झाल्या, कपाट तिथेच आहे.