‘दा’ कधी गाळायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “मागच्या लेखात तुम्ही व्हिएतनामीतला ‘दा’ म्हणजे भूतकाळ, ‘दांग’ म्हणजे वर्तमान, ‘सॅ’ म्हणजे भविष्य असा तक्ता दिलात आणि खाली लिहिलंत की हे शब्द गाळले तरी चालतात. मी हनोईच्या टीमबरोबर काम करतो. कालच्या गोष्टी सांगताना ते लोक ‘दा’ फारसा वापरत नाहीत, हे खरं. पण मी ‘फाइल पाठवली’ या अर्थी ‘तोइ गुइ फाइल’ लिहिलं, तर ते तासभर फाइलची वाट बघत बसले. ‘गाळले तरी चालते’ हा नियम नाही. एक तर नियम द्या, नाही तर तक्ता काढून टाका.”

नमस्कार. तक्ता काढून टाकला आहे. तो चुकीचा होता आणि तुमचा तास त्यात वाया गेला, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

उच्चारांबद्दल आधी एक खुलासा. मी इथे हनोईचे उच्चार देवनागरीत लिहितो आहे; ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला वाचावा. व्हिएतनामीतले सूर या लिपीत दाखवता येत नाहीत, ते ऐकूनच शिकावे लागतात.

मी हनोईच्या एका शिक्षिकेकडे शिकत होतो तेव्हा त्यांनी मला आदल्या दिवसाची हकिगत लिहायला सांगितली. मी प्रत्येक क्रियापदाआधी इमानाने ‘दा’ लावला: ‘दा’ उठलो, ‘दा’ कॉफी प्यायलो, ‘दा’ स्टेशनवर गेलो. त्यांनी एक सोडून बाकी सगळे ‘दा’ खोडले. उरलेला मजकूर असा होता: “होम क्वा तोइ झय सम, उओंग का फे, झोइ झा गा. देन नइ थी ताउ दा चाय.” म्हणजे, काल मी लवकर उठलो, कॉफी प्यायलो, मग स्टेशनवर गेलो. पोचलो तर गाडी सुटलेली.

तो एकच ‘दा’ का राहिला, यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या वाक्यात ‘होम क्वा’, म्हणजे ‘काल’, आलं आणि ऐकणाऱ्याला दिवस कळला. पुढच्या गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या आहेत, म्हणून क्रियापदं कोरी ठेवली तरी अर्थ बिघडत नाही. गाडीचं तसं नाही. ती माझ्या पोचण्याच्या आधी सुटली, पण वाक्यात तिचा उल्लेख पोचण्याच्या नंतर आला. घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम उलटा झाला, आणि ते सांगायला ‘दा’ लागला. तो गाळून नुसतं “देन नइ थी ताउ चाय” म्हटलं, तर ऐकणारा समजेल की मी पोचलो आणि मग गाडी सुटली. म्हणजे धावत जाऊन चढलो असतो तर ती मिळालीही असती. वाक्य व्याकरणाने शुद्धच राहतं, बातमी मात्र बदलते. म्हणूनच ही चूक चटकन लक्षात येत नाही. समोरचा तुम्हाला अडवत नाही, तो वेगळंच काहीतरी समजून पुढे जातो.

मग ‘दा’ म्हणजे भूतकाळ नव्हे, हे कशावरून? हेच वाक्य उद्यावर न्या. “माय, लुक आन्ह देन गा थी ताउ दा चाय झोइ.” उद्या तुम्ही स्टेशनवर पोचाल तेव्हा गाडी सुटलेली असेल. गोष्ट उद्याची, तरी ‘दा’ आहेच. मराठीत हे आपण तीन तऱ्हांनी म्हणतो: गाडी सुटलेली होती, सुटलेली आहे, सुटलेली असेल. यातलं ‘सुटलेली’ सांगतं की त्या क्षणापर्यंत क्रिया होऊन गेली. तो क्षण कालचा, आत्ताचा की उद्याचा, हे ‘होती, आहे, असेल’ सांगतात. व्हिएतनामी ‘दा’ हा ‘सुटलेली’मधल्या ‘-लेली’सारखा आहे. ‘होती, आहे, असेल’चं काम करणारा शब्द त्या वाक्यात नाहीच. ते काम ‘काल’, ‘उद्या’ हे शब्द करतात किंवा चाललेलं बोलणंच करतं.

‘दांग’ही असाच. तो ‘सुटत, चालत, जेवत’मधल्या ‘-त’चं काम करतो. “होम क्वा, लुक आन्ह गोइ, तोइ दांग अन कम”: काल तुमचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. कालच्या गोष्टीत ‘दांग’ आला, म्हणजे त्याला वर्तमानकाळ म्हणणं माझी चूकच होती. इथे तो गाळता येत नाही. गाळला तर फोन आल्यावर जेवायला बसलो, असा अर्थ निघू शकतो.

‘सॅ’चंही तेच. “काल तो म्हणाला की येईन” यातलं येणं आजच्या हिशेबाने मागे पडलेलं असू शकतं, तरी व्हिएतनामीत तिथे ‘सॅ’ चालतो, कारण येणं म्हणण्याच्या पुढचं आहे. ‘काव सुअन हाव’ (1930–2007) या व्हिएतनामी भाषाशास्त्रज्ञांनी तर त्यांच्या भाषेत काळ हा व्याकरणाचा भाग नाहीच, क्रियेची अवस्था हा आहे, असं ठामपणे मांडलं. सगळे अभ्यासक त्यांच्याशी सहमत नाहीत. शिकणाऱ्याला मात्र त्यांची बाजू धरून चालणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे.

आता गाळण्याकडे येतो. माझ्या लेखात मी लिहिलं होतं की वेळेचा शब्द असला की ‘दा’ अनावश्यक होतो. हे अर्धंच खरं आहे. ‘काल’ या शब्दाने दिवस कळतो. क्रिया कुठल्या टप्प्यावर आहे, ते कळत नाही. म्हणून बोलताना मनात विचारायचा प्रश्न असा: मला फक्त घडलेलं सांगायचं आहे, की ‘तोवर होऊन गेलं होतं’ हे सांगायचं आहे? पहिलं असेल तर ‘दा’ नको. दुसरं असेल, तर वाक्यात ‘काल’ असला तरी तो हवा.

हा फरक सगळ्यांत ठळक दिसतो गुण सांगणाऱ्या शब्दांत. “नॉ लन” म्हणजे तो मोठा आहे. “नॉ दा लन” म्हणजे तो मोठा झाला, आता लहान राहिला नाही. इथे ‘दा’ गाळणं म्हणजे थेट दुसरं वाक्य बोलणं. आपल्याला हे अवघड जाऊ नये, कारण ‘मला भूक लागली’ म्हणताना आपणही रूप झालेल्या गोष्टीचं वापरतो आणि भूक आत्ताचीच असते. व्हिएतनामी माणूस त्या जागी “दॉइ झोइ” म्हणतो.

या ‘झोइ’बद्दल मी मागच्या लेखात काहीच लिहिलं नव्हतं, आणि तुमचा घोटाळा नेमका तिथेच झाला. ‘झोइ’ क्रियापदाच्या मागून येतो, बहुधा वाक्याच्या शेवटी, आणि ‘झालंसुद्धा’ असं सांगतो. (वरच्या हकिगतीत तो दोन क्रियांच्या मध्ये आला, तिथे त्याचा अर्थ ‘मग’.) रोजच्या बोलण्यात ‘दा’पेक्षा ‘झोइ’ कितीतरी जास्त ऐकू येतो. वर्तमानपत्रात आणि सरकारी मजकुरात ‘दा’ भरपूर सापडतो. तुमच्या सहकाऱ्यांच्या तोंडी तो विरळ वाटण्याचं हेही एक कारण आहे.

‘झोइ’च्या समोर उभा आहे ‘चुअ’, म्हणजे ‘अजून नाही’. “ताउ चुअ चाय”: गाडी अजून सुटली नाही, सुटायची आहे. “ताउ खोंग चाय”: गाडी सुटत नाही किंवा सुटलीच नाही, वाट बघण्यात अर्थ नाही. मराठी माणूस दोन्हीकडे ‘नाही’ म्हणतो, त्यामुळे ‘चुअ’च्या जागी हमखास ‘खोंग’ टाकतो. कुणी लग्न झालं का विचारलं आणि अविवाहित माणसाने ‘खोंग’ म्हटलं, तर ते तुटक लागतं. तिथे ‘चुअ’च म्हणतात. ‘खोंग’च्या आधी मात्र ‘दा’ लावायची गरज नसते. “काल गाडी सुटली नाही” याला “होम क्वा ताउ खोंग चाय” पुरे. ‘दा खोंग’ म्हणता येतं, पण ते मुद्दाम ठासून सांगितल्यासारखं किंवा पुस्तकी वाटतं.

‘सॅ’ गाळणं त्यामानाने सोपं आहे. ठरलेली गोष्ट असेल आणि वेळ सांगितलेली असेल, तर तो नकोच: “माय तोइ दी ह्वे”, उद्या मी ह्वेला जातो. आपण तरी कुठे ‘जाईन’ म्हणतो? ‘सॅ’ घातला की त्यात शब्द दिल्याचा किंवा अंदाज बांधल्याचा रंग येतो. ‘सप’ मात्र गाळू नका. “ताउ सप चाय” म्हणजे गाडी सुटण्याच्या बेतात आहे. तो काढला तर ती घाई दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही.

कधीकधी यातला एकही शब्द नसतो आणि तरी काळ पक्का कळतो. ‘बाव झऽ’ म्हणजे ‘कधी’. “बाव झऽ आन्ह वे?” म्हणजे तुम्ही कधी परतणार? “आन्ह वे बाव झऽ?” म्हणजे तुम्ही कधी परतलात? ‘कधी’ आधी आला की पुढचं, शेवटी आला की झालेलं. दक्षिणेत या दोन प्रश्नांना वेगळे शब्दच आहेत: पुढच्यासाठी ‘चुंग नाव’, झालेल्यासाठी ‘होइ नाव’. कोरं क्रियापद हवं तसं वाचता येतं असं समजू नका. वाक्याची मांडणी, आधीचं बोलणं आणि समोरची परिस्थिती मिळून त्याचा एकच अर्थ ठरवतात.

आता तुमचं वाक्य बघा. “तोइ गुइ फाइल.” आधी काही बोलणं नाही, ‘काल’ नाही, ‘झोइ’ नाही. फाइल अजून आलेली नाही, हे समोरच्याला दिसतं आहे. अशा वेळी ‘पाठवणे’सारखं क्रियापद कोरं आलं, की तो ‘मी फाइल पाठवतो’ असंच वाचणार. मराठीत तुम्हाला कुणी ‘फाइल पाठवतो’ लिहिलं, तर तुम्हीही वाट बघाल. हेच वाक्य तुम्ही ‘काल सकाळी’ने सुरू केलं असतं, तर कोरं चाललं असतं. नुसतं लिहायचं होतं तर “तोइ गुइ फाइल झोइ” हवं होतं. ‘दा’ लावून “तोइ दा गुइ फाइल” म्हटलं असतं तरी निभावलं असतं, थोडं औपचारिक वाटलं असतं एवढंच.

पुढच्या वेळी तुमचा सहकारी बहुधा स्वतःच विचारेल: “गुइ चुअ?” पाठवली का? उत्तरात ‘मी’, ‘फाइल’ आणि ‘पाठवणे’ तिन्ही गाळा, चालतं. नुसतं “झोइ” म्हणा. आणि पाठवायची राहिली असेल, तर “चुअ”.