हळदीचा कागद आणि सही झालेली फाईल

आठवीच्या विज्ञानाचं घटक नियोजन उद्या सकाळी टेबलावर हवं, असा मेसेज रात्री साडेनऊला आला तर अजिबात घाबरू नका. सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडा. दिघा गाव येईपर्यंत अध्ययन निष्पत्तीचा रकाना, रबाळ्यापर्यंत कृतीचा, कोपरखैरण्यापर्यंत मूल्यमापनाचा. हे तीन रकाने एकमेकांना ओळखतात का, हे बघायला पुढे वेळच उरत नाही, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं.

समजा घटक आहे आम्ल आणि आम्लारी. निष्पत्ती पुस्तिकेतून जशीच्या तशी उतरवा: ‘विद्यार्थी नैसर्गिक दर्शक वापरून दिलेला पदार्थ आम्लधर्मी, आम्लारिधर्मी की उदासीन हे तपासून ठरवतो.’ उतरवताना क्रियापदाकडे मात्र बघू नका. ‘तपासून ठरवतो’ हे शब्द फार त्रासदायक आहेत. ते वाचले की पोरांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं आणि परीक्षेतही तेच करून घ्यावं लागतं. त्यापेक्षा मनातल्या मनात ‘समजतो’ असं वाचा. समजलं की नाही हे कोणालाच दिसत नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही.

कृती म्हणून ज्वालामुखी. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फसफस, टाळ्या, ग्रुपवर फोटो. दर्शकाचा त्यात संबंध शून्य, पण फोटोत दर्शक दिसतो कुठे? गुण द्यायचे तर डोंगर कसा रंगवलाय त्याचे पाच द्या. तो बहुतेक वेळा आईने रंगवलेला असतो, आणि आयांचं आकारिक मूल्यमापनही कोणीतरी करायलाच हवं.

तरीही कोणाला प्रामाणिकपणाची उबळ आलीच, तर हळदीवर थांबा. गाळण कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा आणि पट्ट्या कापा. चुन्याच्या निवळीत पट्टी लालभडक होते. हळदीचं कुंकू करताना चुनाच लागतो, हे आजीला ठाऊक असतं. लिंबाच्या रसात पट्टी पिवळी राहते. साखरेच्या पाण्यातही पिवळीच राहते. म्हणजे निष्पत्तीत पदार्थांचे तीन गट आणि आपल्या दर्शकाला दिसतात दोनच. आम्ल आणि उदासीन यांच्यातला फरक हळदीला कळत नाही. तो जास्वंदीच्या अर्काला कळतो: लिंबात गडद गुलाबी, चुन्याच्या निवळीत हिरवट, साखरेच्या पाण्यात होता तसाच. पण त्यासाठी जांभळी नाक्यावर उतरून दहा रुपयांची फुलं आणा, पाकळ्या कोमट पाण्यात भिजत घाला... एवढा उपद्व्याप कोणी सांगितलाय? रकान्यात ‘हळदीचा प्रयोग’ हे दोन शब्द बसतात, बस.

मूल्यमापनाला तर हात लावायचीही गरज नाही. गेल्या वर्षीची चाचणी झेरॉक्सवाल्याकडे पडलेलीच असते. ‘आम्ल निळ्या लिटमसला ____ करते.’ लिटमस वर्गात कोणी पाहिला नाही, ही फार क्षुल्लक बाब झाली. जॉन बिग्ज नावाच्या प्राध्यापकांनी १९९६ मध्ये लिहून ठेवलंय की निष्पत्ती, शिकवणं आणि परीक्षा यांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवावं. आधी परीक्षा ठरवा, मग कृती, असं सांगणारेही पुष्कळ आहेत. आपली परीक्षा तर गेल्याच वर्षी ठरली आहे. यापेक्षा आधी कोण काय ठरवणार?

एक धोक्याची सूचना मात्र देतो, कारण मी त्यात सापडलोय. एका वर्षी मी निष्पत्तीचं क्रियापद चुकून वाचलं आणि चाचणीत बेंचवर तीन कप ठेवले: अ, ब, क. एकात निवळी, एकात लिंबू-पाणी गाळून, एकात साखरेचं पाणी. सोबत हळदीच्या पट्ट्या. ‘चाखायचं नाही’ असं फळ्यावर मोठ्या अक्षरात. उत्तरसूची माझ्या खिशात: अ आम्लारी, ब आम्ल, क उदासीन. बहुतेकांनी ब आणि क चक्क वास घेऊन ठरवले आणि पूर्ण गुण मिळवले. शेवटच्या बाकावरच्या एकाने लिहिलं: ‘अ आम्लारी आहे. ब आणि क दोन्ही पिवळेच राहिले. हळदीवरून सांगता येत नाही, दुसरं काहीतरी लागेल.’

उत्तरसूचीप्रमाणे तीनपैकी एक. मी लाल पेन उघडून बराच वेळ बसलो. पोरगं बरोबर होतं, माझी चाचणीच चुकली होती. पट्ट्यांच्या शेजारी जास्वंदीच्या अर्काची वाटी ठेवली असती तर त्याने उरलेले दोन्ही कप ओळखले असते. आता त्याला तीन द्यावेत तर वास घेणाऱ्यांचे कापावे लागतात आणि वर नियोजनातला कृतीचा रकाना खोडावा लागतो. त्या रकान्यावर सही-शिक्का झालेला होता.

तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली तर सरळ एक गुण द्या आणि शेजारी लिहा, ‘उत्तर पूर्ण लिहावे.’