खरवडलं की मूळ रंग सापडतो म्हणे!

"जुन्या वाड्याचा ओरिजिनल कलर शोधायला लॅब वगैरे काही लागत नाही. ब्लेडने भिंत खरवडा, सगळ्यात खालचा थर दिसेल तो ओरिजिनल. फोटो काढून पेंटच्या दुकानात दाखवा, मॅच करून देतात. तसंही त्या काळी भडक रंग नव्हतेच, सगळं फिकट, मातकट असायचं. तज्ज्ञ लोक नखाएवढ्या तुकड्यावर हजारो रुपये उकळतात."

हे मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलं, त्यातल्या एकावर तर आमच्या आत्याने "बघ रे, तुझी नोकरी गेली" असं लिहून टाकलं. ते नखाएवढे तुकडे काढणं हेच माझं काम, त्यामुळे आता बोलतोच.

आधी त्या खालच्या थराचं बघू. एका वाड्याच्या मालकांनी अगदी हेच केलं होतं. दिवाणखान्यात स्विचबोर्डच्या खाली खरवडलं, आकाशी निळा निघाला, आणि सगळा दिवाणखाना निळा करून टाकला. मला नंतर बोलावलं ते वेगळ्याच कामाला, दाराच्या चौकटीचे रंग बघायला. सहज त्यांची ती खरवडलेली जागा पाहिली तर निळ्याच्या खालचा गिलावा करडा आणि दगडासारखा टणक, म्हणजे सिमेंट. वायरिंग करताना भिंतीत खाच पाडली होती, गवंड्याने ती सिमेंटने बुजवली, आणि त्यानंतरचा पहिला हात निळा होता. त्या जागेचा सगळ्यात खालचा थर तो होताच, पण वाड्यात वीज आल्यानंतरचा! दोन हातांवर कोनाडा होता, त्याच्या आत वरच्या बाजूला, जिथे हात घासत नाही आणि रंगारीही आळसाने नीट खरवडत नाही, तिथून नमुना घेतला. खाली पांढराशुभ्र चुन्याचा गिलावा, त्यात तागाचे धागे, आणि वर मायक्रोस्कोपखाली एकोणीस थर. निळा खालून तेरावा. सर्वांत खाली पांढरा चुना आणि त्याच्यावर लगेच पिवडी.

म्हणून पहिला प्रश्न रंगाचा नसतोच, ज्या गिलाव्यावर तो रंग आहे तो गिलावा कधीचा हा असतो. ते कळायचा सोपा मार्ग म्हणजे एकाच खोलीतल्या तीन-चार जागांचे थर शेजारी ठेवून मोजायचे. एका ठिकाणी एकोणीस आणि दुसरीकडे सहा निघाले तर सहावाली जागा नंतर दुरुस्त केलेली तरी आहे नाहीतर कधीतरी पूर्ण खरवडून काढलेली आहे, तिच्यावरून मूळ रंग ठरवता येत नाही.

बरं, गिलावा मूळचाच असला तरी खालचा थर म्हणजे लोकांना डोळ्यांनी दिसणारा रंग असेलच असं नाही. तेलरंगात आधी अस्तर मारतात, मग मधला हात, मग वरचा. खरवडून तुम्ही अस्तरापाशी पोचलात तर जो रंग त्या घरात कुणी एक दिवससुद्धा मिरवला नाही तो तुम्ही भिंतीला देणार. हे ओळखायचं धुळीवरून. भिंत काही वर्षं उघडी राहिली की तिच्यावर काजळी, धूळ, चुलीचा धूर बसतो, आणि नमुना आडवा कापून पाहिला की ती मळाची रेघ काळ्या धाग्यासारखी दिसते. दोन थरांच्या मधे रेघ नसेल तर बहुतेक ते एकाच वेळच्या रंगकामाचे. रेघ असेल तर खालचा थर खरोखर वापरात होता. ब्लेडने खरवडताना ही रेघ दिसत नाही, ती ब्लेडबरोबर पुसली जाते.

याच्या उलटही होतं आणि ते मला जास्त भारी वाटतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात तिथले जुने राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं घर आहे, माँटिचेलो. बांधकाम 1769 साली सुरू झालेलं, आता म्युझियम आहे. तिथली जेवणाची खोली 1936 पासून सौम्य निळी होती आणि लोकांनी तीच जेफरसनची खोली म्हणून डोक्यात बसवलेली. मग सुझन बक या रंग-अभ्यासक बाईंनी नमुने तपासले. निघालं काय, तर तो गिलावा आधी बरीच वर्षं बिनरंगाचाच होता आणि 1815 च्या सुमारास त्याच्यावर क्रोम यलो चढला, म्हणजे अंड्याच्या बलकासारखा झगझगीत पिवळा. आता सांगा, यातलं ओरिजिनल कुठलं? कोरा गिलावा की पिवळा? ब्लेडवाल्याच्या हिशोबाने उत्तर एकच, पण त्या घरात जेफरसन दोन्ही अवस्थांमध्ये राहिलाय. म्युझियमने पिवळा निवडला आणि 2010 मध्ये खोली तशी रंगवली.

आणि तो थर नंतरचा हे नुसत्या रंगद्रव्यावरूनसुद्धा कळलं असतं. क्रोमियम हे मूलद्रव्यच 1797 मध्ये व्होक्लँ नावाच्या फ्रेंच केमिस्टला सापडलं, त्यामुळे क्रोम यलो असलेला थर 1769 चा असूच शकत नाही. अशा खुणा बऱ्याच आहेत. टायटॅनियमचा पांढरा दिसला की थर 1920 च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. झिंक व्हाइट अल्ट्राव्हायोलेट उजेडात बारीक चमचमतो, तो घरांच्या रंगात साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येतो. आपल्या वाड्यातला तो निळा घ्या. त्याच्या कणावर मायक्रोस्कोपखाली सौम्य ॲसिडचा थेंब टाकला, चुना फसफसला, निळा रंग उडून गेला आणि सडक्या अंड्याचा हलकासा वास आला. म्हणजे अल्ट्रामरीन, आपली कपड्यांची नीळ. प्रशियन ब्लू असता तर ॲसिडने त्याला काही झालं नसतं, आणि मुळात ओल्या चुन्यात तो टिकतच नाही, तपकिरी पडतो. चुन्यात नीळच का टाकायचे हे आपल्या आज्यांना केमिस्ट्री न शिकता माहीत होतं.

आता नमुना कसा घेतात ते सांगतो, कारण पोस्टमध्ये सगळा भर खरवडण्यावर आहे. आधी जागा शोधायची: चौकटीच्या आतला कोपरा, बिजागरीच्या मागे, फडताळाच्या मागची भिंत, तुळईच्या बुडाशी. भिंगाने बघायचं, स्काल्पेलने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा उचलायचा, पण खाली थोडा गिलावा किंवा लाकूड त्याला चिकटून आलंच पाहिजे, नाहीतर खालचे थर भिंतीवरच राहिले की काय ही शंका कायमची राहते. प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत, वर नंबर, आणि भिंतीच्या फोटोवर तोच नंबर त्या जागी. हा नंबर राहिला तर तुकडा फेकून द्यायचा, मी एकदा अख्खा दिवस असा फुकट घालवलाय. मग तुकडा बर्फाच्या ट्रेसारख्या साच्यात पारदर्शक रेझिनमध्ये बुडवायचा, सुकला की कापायचा आणि बारीक-बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर घासत आरसा करायचा. चुन्याच्या नमुन्याला इथे फार जपावं लागतं, भुसभुशीत असतो, रेझिन आत मुरलं नाही तर घासताना थर निघून जातात आणि एकोणीसचे चौदा होतात. मग शंभर-दोनशे पट मोठं करून एकदा साध्या उजेडात आणि एकदा अल्ट्राव्हायोलेटमध्ये बघायचं.

फोटो काढून दुकानात मॅच करण्याबद्दल. मोबाइलचा कॅमेरा पिवळ्या बल्बखाली एक रंग दाखवतो आणि खिडकीपाशी दुसरा, हे तर सोडाच. खरी गंमत जवसाच्या तेलाची आहे. तेलरंग वरच्या थरांखाली अंधारात गाडला गेला की त्यातलं तेल पिवळं पडतं. त्यामुळे आज उघडा केलेला निळा हिरवट दिसतो आणि पांढरा दिसतो सायीसारखा. म्हणून उघडा केलेला तुकडा काही आठवडे उजेडात ठेवतात, पिवळेपणा बराच उतरतो, आणि मग मायक्रोस्कोपखाली स्वच्छ कण बघून मोजतात. काही रंगद्रव्यं स्वतःच बदलतात, त्यांना उजेडात ठेवून उपयोग नाही. तांब्याचा हिरवा तपकिरी होतो, क्रोम यलो काळवंडतो. तिथे द्रव्य ओळखून, जुन्या पद्धतीने ताजा रंग घोटूनच बघावं लागतं.

आणि म्हणूनच फिकट-मातकट. व्हर्जिनियातच विल्यम्सबर्ग नावाचं जुनं गाव आहे, 1930 च्या दशकात तिथल्या घरांचे रंग शोधले गेले ते जास्त करून खरवडून आणि डोळ्यांनी. जे पिवळटलेलं, मळलेलं, उडालेलं दिसलं तेच मॅच केलं, त्यातून राखाडी-हिरवट छटांचा एक अख्खा संच तयार झाला आणि तो इतका गाजला की जुनं घर म्हणजे असंच असं लोकांना वाटायला लागलं. पुढे मायक्रोस्कोप आल्यावर बऱ्याच खोल्यांचे रंग बदलावे लागले, आणि ते अधिक चटक निघाले. मातकट रंग त्या काळाचा नसून मधल्या दोनशे वर्षांच्या मळाचा होता! भडक रंग परवडतो हे दाखवायची हौस तेव्हाही होतीच, जेफरसनचा तो क्रोम यलो साध्या पांढऱ्या शिशाच्या रंगापेक्षा तेहतीस पट महाग होता. तो काही पाहुण्यांपासून लपवायला मारला नव्हता.

राहिले पैसे. काम स्वस्त नाहीये, खोटं कशाला बोलू, एका नमुन्यामागे नुसतं घासण्यात तास जातात. आणि आम्हालाही सगळं कळत नाही. दोन मिलिमीटरच्या तुकड्यावरून भिंतीवर वेलबुट्टी होती का पट्टा होता हे कळत नाही, नेमका फुलाच्या पाकळीवरून तुकडा उचलला तर सगळी भिंत लाल होती असं वाटेल. त्यासाठी शेवटी भिंत खरवडावीच लागते, पण नमुन्यावरून क्रम कळल्यानंतर, ओल्या पॉलिश पेपरने गोल-गोल घासत, म्हणजे एकेक थर टार्गेटच्या वर्तुळांसारखा उघडा होतो. कोरडं घासू नका, जुन्या तेलरंगात शिसं असतं आणि ती धूळ पोरांच्या पोटात जाते. पोस्टवाल्याने हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वाड्याचे मालक पिवडीचा तुकडा बघून आधी हिरमुसले, निळ्यावर बराच खर्च झाला होता. निळा तसाच ठेवलाय, त्यांच्या आईला आवडतो. कोनाड्यात मात्र तळहाताएवढी गोल जागा एकोणीस वर्तुळं दिसतील अशी उघडी ठेवलीये, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काका बोट ठेवून सांगतात, हा बघा तेरावा, यालाच मी पहिला समजलो होतो.