नवीन फ्लॅटवाल्यांनो, एजीएमला जाण्याआधी ताळेबंदातल्या या दोन ओळी बघा

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तास-दीड तास पार्किंग आणि गळतीवर भांडण होतं. मग घाईघाईत "हिशेबपत्रके मंजूर" म्हणून हात वर होतात आणि चहा येतो. मला हे बघवत नाही, कारण सगळ्यांचा पैसा त्या हिशेबपत्रकात असतो. नव्याने सभासद झालेल्यांनी तरी ही सवय लावून घेऊ नये, म्हणून हे लिहितोय. हे महाराष्ट्रातल्या सोसायट्यांबद्दल आहे.

आधी वर्षाचं चक्र. 31 मार्चला हिशेब बंद होतात. 31 जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि 30 सप्टेंबरपर्यंत एजीएम व्हायला हवी. सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असते आणि सोबत हिशेबपत्रकं येतात. हे 14 दिवस वाचण्यासाठीच आहेत, सभेत बसून ताळेबंद कळत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. 40 फ्लॅटची सोसायटी आहे आणि जमीन सोडून प्रत्येक फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, म्हणजे फ्लॅटमागे 5,000 रुपये. सगळ्यांचे मिळून वर्षाला 2 लाख, आठ वर्षांत 16 लाख. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, देणी या सदरात, "सिंकिंग फंड 16,00,000" असं छापलेलं दिसतं. बहुतेक जण इथेच समाधानाने पान उलटतात.

पण ती ओळ फक्त एवढंच सांगते की सोसायटीने हा फंड आकारला आहे. पैसे आहेत का, हे उजव्या बाजूला गुंतवणुकीत बघायचं. समजा तिथे एफडी फक्त 6 लाखांची आहे. मग उरलेले 10 लाख कुठे गेले? कोणी खाल्ले, असा निष्कर्ष लगेच काढू नका. त्याच बाजूला खाली या. "सभासदांकडून येणे" 7 लाख आणि "संचित तूट" 3 लाख. म्हणजे काही सभासदांनी मेंटेनन्स थकवला, आणि वर्षानुवर्षं खर्चापेक्षा आकारणी कमी ठेवली. वॉचमनचा पगार, लिफ्टचं कंत्राट, सामायिक वीजबिल हे सगळं सिंकिंग फंडाच्या पैशातून भागलं.

माझं ठाम मत आहे की "आम्ही पाच वर्षांत मेंटेनन्स वाढवला नाही" असं सांगणाऱ्या कमिटीचं कौतुक करण्याआधी ही तूट बघावी. हा फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी असेल तरच तो वापरायचा. दहा-पंधरा वर्षांनी स्लॅब आणि प्लास्टरचं काम निघालं की हेच पैसे लागतात, आणि नसले तर प्रत्येकाकडे एकरकमी वर्गणी मागितली जाते. तुम्ही गेल्या वर्षी फ्लॅट घेतला असला तरी त्यात तुमचा वाटा असतो.

लेखापरीक्षक हे पकडतो का? चांगला असेल तर अहवालात शेरा मारतो की सिंकिंग फंडाची गुंतवणूक पूर्ण रकमेची नाही. अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कमिटीने दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ओ नमुना, द्यायचा असतो. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. तोच शेरा तसाच परत आला असेल, तर दुरुस्ती फक्त कागदावर झाली. त्यांच्या प्रती सचिवांकडे लेखी अर्ज करून मागा. सभासदाला तो हक्क आहे.

सभेला वेळेवर जा, हेही तितकंच महत्त्वाचं. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा 20, यातला कमी आकडा लागतो. आपल्या 40 फ्लॅटच्या सोसायटीत 20. तेवढे जमले नाहीत तर अर्ध्या तासाने सभा तहकूब होते. त्याच दिवशी पुढच्या वेळेला घ्यायची, असं नोटिशीत लिहिलेलं असेल तर ती तेव्हाच भरते, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग नऊ जणांनी मंजूर केलेला ठराव चाळीसही जणांना लागू होतो.

सभेत प्रश्न नेमका विचारा आणि आधी लेखी द्या. "पैसे कुठे गेले?" असं विचारलं की कमिटीतले लोक दुखावतात. ते बिनपगारी, नोकरी सांभाळून हे काम करतात, हे विसरू नका. त्याऐवजी म्हणा: "एफडी आणि फंडात 10 लाखांचा फरक आहे. थकबाकीदारांवर वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज केला का? आणि तूट भरायला सेवाशुल्क किती वाढवावं लागेल?" हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात आली आहेत का, तेही नंतर तपासा. इतिवृत्तात नसेल तर पुढच्या वर्षी हाच मुद्दा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.

एवढं पुरेसं नसेल आणि तोच फरक पुढच्या ताळेबंदात आणखी वाढलेला दिसला, तर दुसरा लेखापरीक्षक सुचवा. त्याची नेमणूक शासनाच्या मान्य यादीतून सर्वसाधारण सभाच करते, कमिटी नाही.