पंधरा जीबीची आरती

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीची आरती घुमट, शामेळ आणि कासाळ्यांच्या गजरात होते आणि जोरात असलेले आरतीकार मिळाले, तर चाळीस मिनिटांच्या आत थांबत नाहीत. यंदा भाच्याने ती संपूर्ण आरती आपल्या नव्या फोनवर फोर-केमध्ये टिपली, आणि लिस्बनच्या आत्याने फोनवर सांगितले, "अरे, तेवढा व्हिडिओ पाठवून दे मरे, त्यात काय आहे!"

त्यात पंधरा जीबी होते. सेकंदाला पन्नास मेगाबिट या हिशेबाने दोन हजार चारशे सेकंद म्हणजे एक लाख वीस हजार मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने त्याला आठाने भागून उरतात ते हे पंधरा हजार मेगाबाइट. हा हिशेब मी आत्याला सांगितला, तेव्हा तिने नैवेद्याला पातोळ्या केल्या होत्या का, एवढेच विचारले.

शेजारच्या मुलाने फाइल झिप करण्याचा सल्ला दिला. पण व्हिडिओ फोनमध्ये साठवला जातानाच दाबून बसवलेला असतो, त्यामुळे झिप केल्यावर पंधरा जीबीचे जवळपास पंधरा जीबीच राहतात. ड्राइव्हची मोफत जागाही नेमकी पंधरा जीबी, आणि त्यात माझ्या ईमेल व फोटोंचा पूर्वीपासूनचा मुक्काम. मग आमच्या जोडणीच्या वीस मेगाबिट अपलोड वेगाने सुमारे पावणेदोन तासांत एका मोफत फाइल-पाठवणी सेवेवर, तुकडे करून, आरती चढवण्याचा घाट घातला. भाद्रपदातला पाऊस आणि फोंड्याची वीज यांचे संबंध लक्षात घेता पावणेदोन तास हा केवळ गणिती आकडा होता. ब्राउझरमधून चाललेले अपलोड वीज गेली की बहुधा पहिल्यापासून सुरू करावे लागते, म्हणून राउटरला इन्व्हर्टरवर जागा द्यावी लागली आणि त्या मुदतीत सौभाग्यवतींचा मिक्सर बंद राहिला.

तुकडे पोचले. परंतु अशा मोफत लिंकची मुदत, आमच्या बाबतीत तीन दिवसांची, अपलोड पूर्ण झाल्यापासून मोजली जाते. पलीकडच्या माणसाने ती उघडल्यापासून नव्हे. बुधवारी पाठवलेली लिंक शनिवारी मावळली, आणि आत्या कोणतीही गोष्ट पाहते ती रविवारी, जेवणानंतर, निवांत. सोमवारी तिचा निरोप आला की "देव दिसत नाही, एक पांढरे पान दिसते."

मुदत नसलेली जागा हवी, तर फाइल लहान करणे भाग होते, आणि मला या साऱ्या प्रकरणात खरा रस इथे वाटतो. दोन जीबीच्या आत बसवली, तर ती व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून जशीच्या तशी जाऊ शकते किंवा ड्राइव्हवर बेमुदत राहू शकते. कितीत बसवायची हे आधीच ठरलेले असेल, तर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दर्जाचा आकडा न निवडता सरासरी बिटरेट निवडावा, कारण दर्जा ठरवून दिला की शेवटी फाइल किती मोठी होईल हे तो प्रोग्रॅम आधी सांगत नाही. फोर-केवरून १०८०पी आणि सहा मेगाबिट धरले की दोन हजार चारशे सेकंदांचे सुमारे अठराशे मेगाबाइट होतात. नवा एच.२६५ प्रकार वापरला असता, तर याच आकारात चित्र अधिक चांगले राहिले असते. पण आत्याचा टीव्ही जुना आहे, म्हणून मुकाट्याने एच.२६४ घेतला.

अडचण देवाच्या माथ्यावर फळापानांनी सजवून टांगलेल्या माटोळीची. देवासमोरची रिकामी भिंत किंवा स्थिर बसलेले काका कमी बिटांत भागवतात, कारण एका चौकटीतून दुसरीत काही बदलत नाही. माटोळीतले सुपारीचे घोस, तोरिंग, चिबूड, आंब्याचे टाळे, त्यात हलणारी पाने, त्यावर कापराचा थरथरता उजेड आणि धूर, हे सगळे दर क्षणी बदलते आणि बिट मागत राहते. तीन मेगाबिटांवर पाहिले तर काका सुरेख आणि माटोळी चौकोनी तुकड्यांची हिरवी गोधडी! म्हणून संपूर्ण आरती दाबण्याआधी नेमके कापूरआरतीचे एक मिनिट दाबून मोठ्या पडद्यावर पाहावे. ते मिनिट पार पडले की बाकीची काळजी नसते. सहा मेगाबिटांवर सुपाऱ्या मोजता आल्या.

ड्राइव्हवर चढवून 'लिंक असलेल्या कोणालाही' असा परवाना दिला, आणि तिथल्या तिथे न पाहता आधी उतरवून घे, असे बजावले, कारण झलक अनेकदा धूसर असते. आत्याने खरोखर उतरवून घेतले, टीव्हीवर पाहिले, डोळे पुसले, आणि आरतीचा एक भाग साधा व्हिडिओ म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, जिथे तो पुन्हा दाबला गेला. टोरंटोच्या काकूंचे उत्तर लगेच आले: "छान. पण फोन कोणता वापरला ते कळवा, म्हणजे आम्ही तो घ्यायचा नाही."