भात की भाट?

आज संध्याकाळी आमच्या ग्रुपच्या नव्या नाटकाचं पहिलं वाचन झालं आणि मी दुसऱ्या अंकानंतर चहासुद्धा न घेता उठून आले. उद्या फोन येणारच आहेत, म्हणून आधी इथेच लिहून टाकते.

नाटक फोंड्याकडच्या एका जुन्या घराचं. चवथीला सगळे जमलेत, वर माटोळी बांधलीय आणि खाली वाटणीवरून भांडणं. अकरा पात्रं. दहा जणांना नावं आहेत, अकरावीच्या पुढे संहितेत लिहिलंय ‘मुकी’. ही मुकी चार वेळा येते. एकदा चहा आणते, एकदा गोड हसते, एकदा पाठमोरी उभी राहून भावांचं सगळं कारस्थान ‘ओठांवरून ओळखते’ (पाठमोरी! मी दोनदा विचारलं, पाठमोरीच), आणि शेवटी सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना शांतपणे समई लावते. मग आजोबा म्हणतात, आम्ही सगळे कानांचे, पण ऐकलं फक्त हिनंच. काळोख. पडदा.

वाचनाला बसलेल्या दोघांनी डोळे पुसले. माझं डोकं तडकलं.

लेखक चांगला माणूस आहे, हेतू वाईट नाही, मान्य. जत्रेत रात्री एक वाजता तो समईचा प्रवेश टाळ्या घेणार हेही मान्य. पण बाई समई आहे की माणूस?

माझ्यासोबत वाढलेल्यांना माझी आत्या माहीत आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. मुकी अजिबात नाही, आवाज असा की रागावली की शेजारच्या वाड्यावर कळतं. तिच्या शाळेत हात वापरायला बंदी होती, ओठ बघा आणि तोंडाने बोला. १८८० साली मिलानमध्ये कुणीतरी परिषद भरवून ठरवलं की बहिऱ्या मुलांना खुणांनी शिकवायचं नाही, ते लोण जगभर गेलं आणि आमच्या आत्याच्या वर्गापर्यंत पोचलं. तिची खरी भाषा ती शिकली हॉस्टेलवर, रात्री दिव्याखाली, बाकीच्या मुलींकडून. त्या मुलींशी ती आजही दोन दोन तास व्हिडिओ कॉल करते, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. काय बोलतात देव जाणे, पण माझ्या काकीचं नाव निघतं एवढं मला कळतं. काकीची खूण म्हणजे नाक वर करणं.

तर आता आमच्या घरची एक चवथ. मी बारावी पास झालेले, इंजिनीअरिंगची ॲडमिशन लागलेली, फीचे पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे सोप्यावर पत्ते खेळत बसलेले. आत्या जिंकत होती, ती रमीत चिटिंग करते आणि पकडली गेली तर ऐकू न आल्यासारखं करते, एरवी असं नाटक तिला चालत नाही. बाहेर पाऊस, व्होल्टेज कमी, बल्ब लाल झालेला. आणि त्या पत्त्यांच्या मधेच विषय निघाला की खालचं भाट विकूया. नारळ-पोफळीची बाग, आजोबांच्या नावावरची. आपल्या गोव्यात मुलींचा वाटा मुलांएवढाच, त्यामुळे आत्याची सही हवीच.

आता हे जरा आत्याच्या जागी बसून बघा. पहिलं वाक्य काका बोलला, तो तिच्या मागे खांबाला टेकून पान चघळत होता, म्हणजे तिला काहीच मिळालं नाही. समोरचे सगळे काकाकडे बघतात म्हणून तिला कळलं की कुणीतरी बोलतंय, ती मागे वळली, तोवर काकाचं संपलं आणि बाबा सुरू झाले. परत वळली. बाबांना मिशी. वाक्याची फक्त शेपटी हाती लागली, काहीतरी ‘विकूया’. मग आजी बोलली, तिच्या तोंडात दात नाहीत, सगळे शब्द सारखेच. मग बाबा तिच्याकडे वळले आणि मोठ्याने, म्हणजे तोंड वेडंवाकडं करून, म्हणाले, भाट विकूया ना?

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता बोलून बघा. भाट, भात, पाट, मात. प, ब, भ, म हे चारही ओठ मिटूनच होतात, बघणाऱ्याला फरक दिसत नाही. त आणि ट जिभेने होतात, त्या उजेडात कोण कुणाची जीभ बघणार. क, ग, ह तर घशातच राहतात. बाबा आणि मामासुद्धा ओठांवर एकच दिसतात, आत्या लहानपणी दोघांत घोळ घालायची असं आजी सांगते. ओठ वाचणं म्हणजे वाचणं नसतंच, अर्धं दिसतं आणि अर्धं अंदाजाने भरायचं, आणि तासाभराने डोळे शिणले की अंदाजही जातो. नवीन कापणी तोंडावर आली होती, कोठीत मागल्या वर्षाचं भात पडून होतं. आत्याने काय भरलं असेल?

भात विकूया ना?

तिने मान डोलावली. आणि त्याच मिनिटाला वीज गेली.

नाटकवाल्यांनो, हा प्रवेश तुमच्या तोंडासमोर आहे आणि तुम्ही समई लावताय! वीज गेली की आपल्यासारख्यांचं काय जातं, काही नाही, उलट अंधारात गप्पा जास्त रंगतात. त्या पाऊण तासात गिऱ्हाईक कोण, दर काय, अर्धे पैसे कुणाचे, सगळं ठरलं. ती तिथेच बसलेली, चार फुटांवर, हातात तेरा पत्ते घेऊन. नोव्हेंबरमध्ये मोजणीवाला आला तेव्हा तिला कळलं. सगळे एका सुरात, तू होतीस की तिथे, मान डोलावलीस की!

आणि इथे ती समईसारखी वागली नाही. तिने दोन वर्षं सही दिली नाही.

दोन वर्षं. गिऱ्हाईक गेलं, माझी ॲडमिशन गेली, मी जवळच्या कॉलेजात बीएस्सीला बसले. कागद तिला बाबांनी दाखवला होता, तिला मराठी उत्तम वाचता येतं, पेपर आला की आधी निधनवार्ता वाचते. तिला सगळं समजलं होतं. तरी नाही म्हणजे नाही, कारण एक तर अपमान आणि दुसरं म्हणजे आजीच्या पाटल्या काकीने परस्पर ठेवून घेतल्याचा दहा वर्षांचा जुना राग, तो तिने माझ्या फीवर काढला. चुकलीच ती. मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. (बोलले नाही म्हणजे हात खिशात ठेवले. ते तिला जास्त लागलं असणार.)

सांगा आता, ही बाई तुमच्या दुसऱ्या अंकात टाकली तर काय होईल? बाकीच्या दहाही जणांना कामाला लागावं लागेल.

वाचनात मी एवढंच सांगायला गेले होते की संहितेच्या समासात एक रकाना ओढा. डावीकडे काय बोललं गेलं, उजवीकडे तिला काय मिळालं. प्रत्येक वाक्याला बघा, बोलणाऱ्याचं तोंड कुठे, उजेड कुठून येतोय, तिची नजर तेव्हा कुणावर. लेखकाला वाटतं उजवा रकाना रिकामा राहील. नाही राहत. तिथे दुसरीच एक गोष्ट तयार होते, पूर्ण, तिच्या मते अगदी खरी, आणि ती त्या गोष्टीप्रमाणे वागते. आत्याला त्या रात्री माहिती कमी नव्हती, तिला पक्कं माहीत होतं की भात विकायचंय. डावी गोष्ट आणि उजवी गोष्ट जिथे एकमेकींवर आपटतात तिथे तुमचा प्रवेश. ‘ओठ वाचून सगळं कळतं’ म्हटलं की हे मेलंच, आणि ‘बिचारीला काही कळत नाही’ म्हटलं तरी मेलंच.

आणि तिला एक मैत्रीण द्या. फोनवर का होईना. जिच्याशी ती भराभर बोलते, जिथे ती हळू नाही, शहाणी नाही, चहाटळ आहे. नाटकातल्या मुकीला अख्ख्या जगात तिच्या भाषेत बोलणारं एकही माणूस नाही, आणि आपण म्हणतो कशी शांत आहे.

त्यावर दिग्दर्शक म्हणाला, प्रेक्षकाला खुणा कळणार नाहीत, म्हणून शेजारी एक छोटी भाची ठेवूया, ती प्रत्येक खूण मोठ्याने बोलून दाखवेल, ‘काय म्हणतेस आत्या, तुला राग आला?’ घरात असं कोण करतं? मी आत्याची प्रत्येक खूण मोठ्याने वाचली असती तर तिने पहिली थप्पड मला दिली असती. काही ठिकाणी प्रेक्षकाला नाही कळणार, नको कळू दे, तिला आपलं कळत नाही तेव्हा आपण कुठे नाटक थांबवतो? हां, दोन तासांच्या प्रयोगात सगळंच असं ठेवता येणार नाही. दोन-तीन जागी समोरच्याच्या उत्तरातून कळू दे. पण भाची नको.

का नको ते खरं सांगायचं तर ती भाची मी आहे. त्या रात्री टॉर्च माझ्या हातात होता. घरात एकच. आत्याने अंधारात माझा हात दोनदा ओढला, मला कळलं तिला काय हवंय, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर मार. मी एकदा मारला बाबांच्या तोंडावर, बाबा ओरडले डोळ्यांत मारू नको, मग मी तो माझ्या पत्त्यांवर धरला आणि तिच्या तळहातावर बोटाने लिहिलं, ‘मागीर’. नंतर सांगते. आणि सांगितलं नाही, विसरले. माझ्याच फीचं बोलणं चाललं होतं आणि मला हातात चांगला सिक्वेन्स आला होता.

तिच्या भाषेत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, बाबांचं मिशीला पीळ. माझं आधी वेणी होतं. त्या चवथीनंतर कधीतरी ते बदललं, मूठ पुढे करून अंगठ्याने बटण दाबायचं. टॉर्च. घरात, हॉस्टेलच्या मैत्रिणींत, सगळीकडे आता मी टॉर्च. प्रेमाने ठेवलंय की टोमणा आहे, मी विचारलेलं नाही.

आज घरी येऊन संहिता तिच्यासमोर ठेवली. चष्मा लावून सगळी वाचली, मुकीच्या चारही जागा पेन्सिलने गोल केल्या, मग हात वर करून विचारलं, ही — भांडण — कोणाशी? आमच्यात प्रश्नाचा शब्द शेवटी येतो आणि भुवया आवळलेल्या. मी म्हटलं कोणाशीच नाही. तिने संहिता मिटून माझ्याकडे सरकवली आणि जेवायला बसली.

गुरुवारच्या वाचनाला ती येणार म्हणते. हॉलमध्ये बल्ब एकच आहे आणि तोही मागे, तर कुणाकडे शंभराचा असेल तर घेऊन या, आणि पान खाऊन येऊ नका. पाटल्यांचा विषय तिने जेवताना परत काढला, तेव्हा काकीला कृपा करून टॅग करू नका.