पाणी ठक् दिवसांनी

माईक समोरच्याच्या हातात द्यायचा नसतो. हे मला ठाऊक, कॅमेरावाल्याला ठाऊक. नवी पेठेतल्या त्या काकांना मात्र मान्य नव्हतं. नळाला पाणी कधी येतं, एवढंच विचारायचा अवकाश, त्यांनी माईकला हात घातला.

"द्या की इकडं. मी काय खातोय का त्याला?"

"काका, मीच धरतो. तुम्ही नुसतं बोला."

"गणपतीत आमच्या मंडळाचा माईक माझ्याकडंच असतोय!" असं म्हणून त्यांनी आधी फुंकर मारली, मग जाळीवर टकटक केलं. "हॅलो, चेक, चेक. आवाज कुठं येतोय बे ह्याचा?"

"तो कॅमेऱ्यात जातो, काका."

"मग लोकांना काय ऐकू येणार?"

यावर काय बोलणार? तोवर पानवालाही सल्ला द्यायला बाहेर आला होता. हेडफोनमधून मला सगळं ऐकू येत होतं आणि तेच दुःख होतं. काकांच्या उजव्या हातात तीन अंगठ्या, त्यातली पुष्कराजाची भलतीच दणकट. बोलण्याच्या भरात ती दांड्यावर आपटायची.

माईकच्या पोटातली, आवाज पकडणारी कॅप्सूल रबरावर बसवलेली असते, पण दांड्याला बसलेला दणका थोडाफार तिच्यापर्यंत पोचतोच. म्हणून एकदा घट्ट धरला की बोटं हलवायची नाहीत. वायरीचा एक सैल वळसा त्याच मुठीत दाबून ठेवायचा, म्हणजे खालून ओढ बसली तरी ती हातातच थांबते. माझा हा वळसा काकांनी "गुंता झालाय" म्हणून प्रेमानं सोडवून दिला. मी मुद्दाम चारी बाजूंचं ऐकणारा, ओम्नी माईक वापरतो. हाताळणीचा आवाज त्यात कमी येतो. कमी, हो. पुष्कराज मात्र माईकच्या कंपनीनं हिशेबात धरलेला नसतो.

रात्री एडिटिंगला बसलो. ८० हर्ट्झला लो-कट लावला, म्हणजे त्याखालचे जाड आवाज गाळले, तर बोटं सरकल्याची धुम्मधुम्म बरीच गेली, वायरीचे हिसकेही मवाळ झाले. अंगठी जागेवरच. तिची 'ठक्' माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात पडते. कट २०० पर्यंत चढवला, तेव्हा काका जुन्या फोनवरून बोलल्यासारखे पातळ झाले आणि ठक् आणखीच ठसठशीत ऐकू यायला लागली. तेवढा तुकडा कापावा, तर खालचा शब्दही जातो. आणि शब्द कुठला? "आमच्याकडं पाणी येतंय ठक् दिवसांनी." अख्ख्या मुलाखतीत कामाचा आकडा एकच, नेमका तोच गेला.

चॅनेलच्या मालकांनी ऐकून विचारलं, "तुला साधा आवाजसुद्धा घेता येत नाही?" स्वतः एसीतून कधी उठून आले नाहीत. माईक सांभाळायला जोडीला एक पोरगा द्या म्हणून कधीचा घसा कोरडा करतोय. "सबटायटलमध्ये आकडा टाक," म्हणाले. कुठला टाकू? माझ्या मनचा?

शेवटी जसं ऐकू आलं तसंच लिहिलं. सर्वांत जास्त लाइक मिळालेली कमेंट आहे : "आमच्या गल्लीत बी तेवढ्याच."